नोकरीच्या पहिल्या आठ वर्षांतील वारंवार बदल : कुळगाव-बदलापूर परिसरातील रसायनशास्त्र पदवीधरांच्या संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना

कुळगाव-बदलापूर, अंबरनाथ व उल्हासनगर हा मध्य रेल्वेच्या कल्याण-कर्जत मार्गालगतचा परिसर गेल्या शतकभरात औद्योगिक पट्टा म्हणून विकसित झाला. अंबरनाथ येथील विम्को हा आगपेट्यांचा कारखाना, स्वातंत्र्यानंतर उभा राहिलेला आयुध निर्माणी कारखाना, शहाड येथील सेंच्युरी रेयॉन आणि महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाच्या 1962 मधील स्थापनेनंतर अंबरनाथ व बदलापूर येथे वसलेल्या औद्योगिक वसाहती यांनी येथील कुटुंबांना रोजगार दिला. या रोजगाराबरोबर एक धारणाही रुजली. ज्या कारखान्यात उमेदवारी केली, त्याच कारखान्यातून सेवानिवृत्त व्हावे, अशी ती धारणा होती. नोकरी सोडणे हे अस्थिर स्वभावाचे लक्षण मानले जात असे.

पुढे ही धारणा परिस्थितीनेच शिथिल केली. शेजारच्या आंबिवली येथील एनआरसी हा मोठा कारखाना 2009 मध्ये बंद पडला. आयुध निर्माणी मंडळाचे 2021 मध्ये सात कंपन्यांत रूपांतर झाले. एकाच ठिकाणी टिकून राहण्यात संपूर्ण सुरक्षितता आहे, असे म्हणणे त्यामुळे कठीण झाले. याउलट, जितक्या नोकऱ्या बदलाव्या तितके वेतन वाढते, असा नवा समज तरुणांमध्ये दिसून येतो. हे दोन्ही समज नोकऱ्यांची संख्या मोजतात. त्या प्रत्येक नोकरीत काय पूर्ण झाले, हे मात्र मोजत नाहीत. प्रस्तुत लेखात नेमक्या याच मुद्द्याचे विवेचन करावयाचे आहे.

विषयाची व्याप्ती

सदर विवेचन या परिसरातील एका विशिष्ट गटापुरते मर्यादित आहे. रसायनशास्त्र विषय घेऊन बी.एस्सी. झालेला व औषधनिर्माण किंवा रसायन उद्योगातील गुणवत्ता नियंत्रण प्रयोगशाळेत नोकरी सुरू करणारा पदवीधर हा या लेखाचा विषय आहे. अंबरनाथमधील मोरिवली, चिखलोली, आनंदनगर आणि बदलापूरमधील औद्योगिक क्षेत्र, तसेच तळोजा, महापे व रबाळे या भागांत अशा पदवीधरास काम मिळू शकते. नोकऱ्यांची उपलब्धता, रेल्वेचा प्रवास आणि कामाचे तांत्रिक स्वरूप या तिन्ही गोष्टी या उदाहरणात एकत्र येत असल्याने ते निवडले आहे.

नोकरी बदलाविषयी अर्थशास्त्रीय विचार

नोकरी बदलणे हे सुरुवातीच्या काळात हानिकारकच असते, या समजुतीस अर्थशास्त्रीय संशोधन दुजोरा देत नाही. बोयान योवानोविच यांनी 1979 मध्ये मांडलेल्या सिद्धान्तानुसार कामगार आणि काम यांचा मेळ किती जुळतो, हे नोकरीत शिरण्यापूर्वी कोणालाच पुरते कळत नाही. ते प्रत्यक्ष काम करतानाच उलगडत जाते. मेळ जुळत नसल्याचे कळल्यावर नोकरी सोडणे हा त्यामुळे दोष ठरत नाही, कारण ती मिळालेल्या माहितीवर केलेली कृती असते.

रॉबर्ट टोपेल व मायकेल वॉर्ड यांनी 1992 मध्ये अमेरिकेतील तरुण पुरुषांच्या नोंदींवरून असे दाखविले की, पहिल्या दहा वर्षांत सर्वसाधारण कामगार सुमारे सात नोकऱ्या करतो आणि त्या काळातील वेतनवाढीपैकी किमान एक तृतीयांश वाढ नोकरी बदलण्याच्या क्षणी मिळते. डेरेक नील यांच्या 1999 मधील अभ्यासाने याला एक महत्त्वाची पुस्ती जोडली. तरुण आधी कामाची शाखा निश्चित करतो व त्यानंतर त्याच शाखेत योग्य मालक शोधतो, असा हा दोन टप्प्यांचा क्रम त्यांनी मांडला. पहिल्या टप्प्यात शाखा आणि मालक दोन्ही बदलतात, तर दुसऱ्या टप्प्यात केवळ मालक बदलतो.

हे निष्कर्ष अमेरिकेतील असल्याने त्यांतील आकडे येथे जसेच्या तसे लागू करता येणार नाहीत. तथापि, हा दोन टप्प्यांचा क्रम समजून घेण्यास उपयुक्त आहे. पहिली दोन-तीन वर्षे शाखा शोधण्याची आणि त्यानंतरची वर्षे त्या शाखेत खोली मिळविण्याची, अशी विभागणी केल्यास कोणता बदल उभारणी करतो व कोणता झीज घडवितो, हे स्पष्ट होऊ लागते.

समान संख्येचे दोन प्रवास

विवेचनाच्या सोयीसाठी दोन कल्पित उमेदवार घेऊ. दोघेही बदलापूरला राहतात, दोघांनी एकाच वर्षी बी.एस्सी. पूर्ण केले आणि आठ वर्षांत दोघांनीही पाच नोकऱ्या केल्या.

पहिला उमेदवार ‘अ’ प्रत्येक ठिकाणी दीड ते पावणेदोन वर्षे राहिला. प्रत्येक वेळी दोन-तीन हजार रुपये वाढवून मिळाल्यामुळे त्याने नोकरी बदलली. कारखान्यांची नावे व पदनामे बदलली, परंतु काम मात्र तेच राहिले. आलेल्या कच्च्या मालाचा नमुना घेणे, अनुमापन करणे, कार्ल फिशर पद्धतीने पाण्याचे प्रमाण काढणे, द्रवणांक पाहणे आणि ठरलेल्या पद्धतीने एचपीएलसी यंत्रावर नमुने चालवून अहवाल भरणे, एवढेच त्याचे काम होते. आठव्या वर्षी त्याच्याकडे पाच अनुभवपत्रे आहेत, परंतु अनुभव मात्र दीड वर्षाचाच आहे. तो पाच वेळा पुनरावृत्त झाला, इतकेच.

दुसरी उमेदवार ‘ब’ हिची पहिली नोकरी रंगद्रव्यांची मध्यवर्ती रसायने बनविणाऱ्या लहान कारखान्यात, उत्पादन विभागात होती. आपली प्रकृती उत्पादनाला अनुकूल नाही, हे तिला कळले व दहा महिन्यांत तिने ती सोडली. दुसऱ्या नोकरीत, एका लहान प्रयोगशाळेत, चौदा महिन्यांत तिचा हात अनुमापन व ओल्या पृथक्करणात बसला. तेथे क्रोमॅटोग्राफी यंत्र नसल्याने तिने तीही सोडली. तिसरी नोकरी औषधी मूलद्रव्ये बनविणाऱ्या कारखान्यातील होती. तेथे ती तीस महिने राहिली. चौथ्या ठिकाणी, एका चाचणी प्रयोगशाळेत, तिने वीस महिने पृथक्करण पद्धतींच्या प्रमाणीकरणाचे काम केले. पाचव्या ठिकाणी ती एका विभागाची प्रमुख झाली व आज तेथे तिला बावीस महिने झाले आहेत.

संख्येच्या दृष्टीने दोघांची नोंद सारखीच आहे. किंबहुना ‘ब’ हिच्या पहिल्या दोन नोकऱ्या अधिक अल्पकालीन असल्याने कागदावर तीच अस्थिर दिसेल. तरीही तिच्या प्रत्येक बदलाने कामाची व्याप्ती एक पायरी वाढविली, तर ‘अ’ याच्या बदलांनी केवळ वेतनाचा आकडा वाढविला. तोही फार काळ वाढत राहत नाही. नेहमीची चाचणी करणाऱ्या पृथक्करणकाराचे काम नवा पदवीधर काही महिन्यांत शिकतो. त्यामुळे त्या कामाच्या वेतनाला एक मर्यादा असते आणि आठव्या वर्षाचा उमेदवार त्या मर्यादेवर येऊन थांबतो.

कार्यचक्र पूर्ण होणे म्हणजे काय

‘ब’ हिचे तिसऱ्या नोकरीतील तीस महिने या विवेचनाच्या केंद्रस्थानी आहेत. औषधाच्या स्थिरता अभ्यासाचे उदाहरण घेतल्यास त्याचे कारण ध्यानात येते. औषध किती महिने गुणकारी राहील, हे ठरविण्यासाठी त्याचे नमुने नियंत्रित तापमान व आर्द्रतेच्या कक्षांत ठेवतात. त्वरित चाचणीत ते 40 अंश सेल्सिअस व 75 टक्के सापेक्ष आर्द्रतेत सहा महिने ठेवले जातात. दीर्घकालीन चाचणीत पहिल्या वर्षी दर तीन महिन्यांनी, दुसऱ्या वर्षी दर सहा महिन्यांनी व त्यानंतर वर्षातून एकदा नमुना काढून तपासतात. औषधाची मुदत दोन वर्षांची ठरवावयाची असेल, तर अभ्यासही दोन वर्षे चालतो.

आता अकरा महिन्यांत नोकरी सोडणाऱ्या पृथक्करणकाराने काय पाहिले? त्याने नमुने कक्षात ठेवले व तीन-चार वेळा बाहेर काढून तपासले. अठराव्या महिन्यात एखादी अशुद्धी वाढून निकाल मर्यादेबाहेर गेला, तर त्याचा शोध घेण्याची जबाबदारी दुसऱ्यावर आली. दोष यंत्राचा, नमुन्याच्या तयारीचा की खरोखर औषधाचा, हे पायरीपायरीने वगळत जाणे, मूळ कारण लिहून काढणे, सुधारणा सुचविणे आणि पुढे लेखापरीक्षकाने त्याच नोंदीवर बोट ठेवल्यावर उत्तर देणे, हे शिक्षण त्याच्या वाट्याला आले नाही. स्वतःच्या चुकीचा परिणाम दिसण्यापूर्वीच तो निघून गेलेला असतो.

प्रत्येक क्षेत्रात असे एक कार्यचक्र असते. उत्पादन विभागात वार्षिक देखभालीसाठी संयंत्र बंद करून पुन्हा सुरू करणे हे ते चक्र होय. लेखा विभागात एप्रिलपासून लेखापरीक्षणापर्यंतचे वर्ष हे ते चक्र होय. चक्राच्या आरंभी घेतलेल्या निर्णयाचा शेवट ज्याने पाहिला, त्याच्याजवळ निर्णयशक्ती येते. वरिष्ठ पदासाठीच्या मुलाखतीत अनुभवी परीक्षक नेमके हेच विचारतो. ‘कोणती यंत्रे चालविता येतात’ हा प्रश्न कनिष्ठ पदासाठी असतो. ‘मर्यादेबाहेरचा निकाल आला तेव्हा आपण काय केले आणि शेवटी काय निष्पन्न झाले’ हा प्रश्न वरिष्ठ पदासाठी असतो. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर तयारी करून देता येत नाही. पहिल्या आठ वर्षांत निदान एक चक्र पूर्ण पाहिलेले असणे, हा म्हणून उभारणीचा पहिला निकष मानता येईल.

वेतनवाढ आणि रेल्वेचा प्रवास

बदलापूरच्या रहिवाशाने वेतनवाढीचा विचार करताना प्रवास वेगळा काढून चालत नाही. अंबरनाथच्या औद्योगिक वसाहतीतील नोकरीसाठी एका बाजूने सुमारे पाऊण तास लागतो असे समजू. रबाळे येथील नोकरीसाठी ठाण्यापर्यंतची लोकल, तेथे गाडी बदलून ट्रान्स-हार्बर मार्ग आणि पुढे रिक्षा किंवा पायी, असा मिळून दोन तासांचा हिशेब धरू. दररोजचा फरक अडीच तासांचा झाला. महिन्याच्या 26 दिवसांत तो 65 तास होतो. अंबरनाथपेक्षा रबाळे येथे चार हजार रुपये अधिक मिळत असतील, तर त्या वाढीचा दर तासाला सुमारे 61 रुपये पडतो. त्यातून वाढीव पास व चहापाण्याचा खर्च वजा करावा लागेल, तो वेगळाच.

याचा अर्थ दूरची नोकरी घेऊ नये, असा नाही. तेथे जर क्रोमॅटोग्राफीचे नवे काम किंवा पद्धती-प्रमाणीकरण शिकावयास मिळत असेल, तर ते 65 तास शिक्षणाचे शुल्क समजता येतात. पण काम तेच आणि केवळ चार हजार रुपये अधिक असतील, तर हाच वेळ एम.एस्सी.च्या अभ्यासासाठी किंवा विश्रांतीसाठी अधिक मोलाचा ठरतो. सकाळी सातची पाळी असल्यास पहाटेची गाडी व दुसऱ्या पाळीनंतर रात्रीची शेवटची गाडी यांचा ताळमेळ बसतो की नाही, हेही नोकरी स्वीकारण्यापूर्वी तपासावे लागते. अन्यथा प्रवासाला कंटाळून सात-आठ महिन्यांत आणखी एक बदल होतो आणि तो कोणत्याही उभारणीचा नसतो.

सेवालाभांचा हिशेब

नोकरी बदलाचे एक नुकसान वेतनपत्रकावर दिसत नाही. उपदानाचा म्हणजे ग्रॅच्युइटीचा लाभ कायम कर्मचाऱ्यास एका मालकाकडे सलग पाच वर्षे सेवा झाल्यावर मिळतो. 1972 च्या कायद्यातील ही अट 21 नोव्हेंबर 2025 पासून अमलात आलेल्या सामाजिक सुरक्षा संहितेतही कायम आहे. मात्र निश्चित मुदतीच्या करारावरील कर्मचाऱ्यास एका वर्षाच्या सेवेनंतर प्रमाणशीर उपदान देण्याची तरतूद या संहितेने केली आहे.

समजा एखाद्या कायम कर्मचाऱ्याची सेवा चार वर्षे चार महिने झाली असून उपदानासाठी धरावयाचे वेतन 18,000 रुपये आहे. दर वर्षाच्या सेवेसाठी पंधरा दिवसांचे वेतन व महिन्याचे 26 दिवस या सूत्राने पाच वर्षांची रक्कम 18,000 × 15 ÷ 26 × 5 म्हणजे सुमारे 51,923 रुपये येते. ही रक्कम मिळविण्यास त्यास आठ महिने थांबावे लागेल. नव्या नोकरीत दरमहा 3,000 रुपये अधिक मिळणार असल्यास आठ महिन्यांत 24,000 रुपये बुडतात, म्हणजे थांबणे फायद्याचे. ही वाढ सुमारे 6,500 रुपयांहून अधिक असेल, किंवा नवे काम पुन्हा मिळण्याजोगे नसेल, तरच आताच जाणे योग्य ठरते. ‘अ’ आणि ‘ब’ या दोघांनाही सोडलेल्या नोकऱ्यांतून उपदान मिळाले नाही. ‘ब’ हिने त्या मोबदल्यात काम मिळविले, हा दोघांतील फरक आहे.

भविष्य निर्वाह निधीच्या बाबतीत मात्र नुकसान नोकरी बदलल्याने होत नाही, रक्कम काढून घेतल्याने होते. कर्मचारी निवृत्तिवेतन योजना 1995 नुसार निवृत्तिवेतनास किमान दहा वर्षांची सेवा लागते आणि ही सेवा वेगवेगळ्या मालकांकडील मिळून मोजली जाते. ‘ब’ हिने प्रत्येक वेळी खाते वर्ग करून घेतले. तिची आठ वर्षे जमा असून दोन वर्षे उरली आहेत. ‘अ’ याने प्रत्येक बदलाच्या वेळी, मध्ये काही महिने बेकार असताना, भविष्य निधीबरोबर निवृत्तिवेतनाचीही रक्कम काढली. त्याची पूर्वीची सेवा त्यामुळे शून्य झाली. पाच वर्षांची सलग सेवा होण्यापूर्वी काढलेल्या निधीवर प्राप्तिकरही लागू शकतो. 2014 पासून प्रत्येक सदस्यास एकच सार्वत्रिक खाते क्रमांक मिळत असल्याने वर्ग करणे सोपे झाले आहे. तरीही नावाचे स्पेलिंग, जन्मतारीख किंवा नोकरी सोडल्याची तारीख यांत विसंगती राहिल्यास काम अडते. म्हणून जुना कारखाना सोडतानाच अनुभवपत्र व कार्यमुक्तिपत्राबरोबर या नोंदी तपासून घेणे आवश्यक ठरते.

कंत्राटी बदलांचे वेगळेपण

या परिसरातील सर्वच बदल स्वेच्छेने होत नाहीत. अनेक कारखान्यांत कनिष्ठ पदे कंत्राटदारामार्फत भरली जातात. कंत्राटदार बदलला की उमेदवार त्याच टेबलावर, त्याच यंत्रावर काम करतो, परंतु त्याच्या कागदांवर नवा मालक दिसतो. आठ वर्षांत चार मालक दिसले, तरी त्याने एकदाही नोकरी सोडलेली नसते. अशा उमेदवाराने अर्जात कंत्राटदारांची नावे एकाखाली एक न मांडता, कोणत्या कारखान्यात कोणत्या काळात कोणते काम केले ते प्रथम लिहावे आणि त्याखाली कंत्राटदारांची नोंद करावी. अन्यथा व्यवस्थेने घडविलेले बदल त्याच्या स्वभावाच्या खात्यावर जमा होतात.

हानीची पूर्वचिन्हे

बदल हानीकडे झुकत असल्याचे ओळखण्यास विवरणपत्राचीच मदत होते. प्रत्येक नोकरीसमोर ‘येथे पूर्वी न केलेले कोणते काम केले’ हे एका वाक्यात लिहावे. सलग दोन नोकऱ्यांसमोर तेच वाक्य येत असेल, तर तिसरा बदल केवळ वेतनासाठी होत आहे, हे समजावे. दुसरे चिन्ह नोकरी सोडण्याच्या कारणांत सापडते. प्रत्येक वेळी वरिष्ठांशी न पटणे हेच कारण असेल, तर कारखाना बदलून ते दूर होत नाही. तिसरे चिन्ह काळाचे आहे. पाच वर्षे उलटून गेल्यावरही शाखाच बदलत असेल, म्हणजे गुणवत्ता नियंत्रणातून विक्रीत व तेथून कार्यालयीन कामात जाणे होत असेल, तर प्रत्येक वेळी नवशिक्याच्या वेतनापासून प्रारंभ करावा लागतो. हाच बदल पहिल्या वर्षी झाला असता, तर त्याची किंमत अल्प राहिली असती.

मात्र वेतन थकणे, सुरक्षा साधने न मिळणे, नोंदींत खोटे आकडे भरण्यास भाग पाडले जाणे, या परिस्थितीत चक्र पूर्ण होण्याची प्रतीक्षा करणे योग्य नाही. विशेषतः औषध उद्योगात खोट्या नोंदीवरील स्वाक्षरी पृथक्करणकाराची असते आणि ती पुढील सर्व अनुभवास बाधक ठरते. तेथे अकराव्या महिन्यात, किंबहुना दुसऱ्याच महिन्यात बाहेर पडणे हेच हिताचे होय.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून असे म्हणता येईल की, पहिल्या आठ वर्षांतील नोकऱ्यांची संख्या ही स्वतः गुण किंवा दोष नाही. आरंभीच्या दोन-तीन वर्षांत शाखा शोधण्यासाठी झालेले अल्पकालीन बदल बहुधा हानी करीत नाहीत. त्यानंतर निदान एका ठिकाणी कामाचे एक पूर्ण चक्र पाहिलेले असावे, पुढील प्रत्येक बदलात पूर्वी न केलेले काम हाती यावे आणि निवृत्तिवेतनाची सेवा खंडित होऊ नये. या तीन अटी पाळून केलेले पाच बदलही उभारणी करतात. त्या न पाळता केलेले दोन बदलही आठव्या वर्षी उमेदवारास पहिल्याच पायरीवर आणून उभे करू शकतात. बदलापूरच्या फलाटावरून रोज कामावर निघणाऱ्या पदवीधराने नव्या नोकरीचे पत्र हाती आल्यावर वेतनाच्या आकड्याआधी तेथील कामाचे स्वरूप वाचावे, आणि सध्याच्या ठिकाणी आपले कोणते काम अर्धवट राहते आहे, याचा हिशेब त्याच कागदाच्या मागे मांडून पाहावा.